पायजे म्हणून सांगितलं

आमच्या अवसरीत कुणाला गाय घ्यायची असली की माझ्या वडिलांना बाजारात बरोबर नेतात. जनावराची पारख हे त्याचं एक कारण. दुसरं आणि खरं कारण म्हणजे त्यांचा चेहरा. गाय मनात भरली की वडील तिच्याकडं पाठ फिरवतात, शेजारच्या म्हशीची चौकशी करतात, मग चहा प्यायला निघून जातात. गायवाला मागून हाका मारत येतो. मग रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, तेव्हाही वडिलांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. "गरज दाखवली की गेलं," असं ते म्हणतात. आमच्या घरात ही शिकवण गायीपुरती राहिली नाही. पाहुण्यांकडं जेवताना आम्ही भावंडांनी दुसरी पोळी कधी मागितली नाही. कुणी वाढायला आलं की ताटावर हात धरायचा आणि तरी वाढतील अशी वाट बघायची.

शेतीची पदवी घेऊन मी दोन वर्षं मंचरला औषधं-खतांच्या दुकानात काउंटरवर उभी होते. अमुक अळीला तमुक बाटली. मला द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये गुणवत्तेचं काम करायचं होतं. परदेशी जाणारा माल तपासायचा, बागेत जाऊन फवारणीच्या नोंदी बघायच्या. हे काम मला मनापासून हवं होतं आणि ही गोष्ट घरात कुणालाही माहीत नव्हती, कारण ती बोलून दाखवणं हा आमच्याकडं हावरटपणा.

पहिल्या ठिकाणी शेवटच्या मुलाखतीपर्यंत पोचले. सगळी उत्तरं बरोबर आली. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?" मी म्हणाले, "नाही. तुमच्याकडं बाकीचेही असतीलच. बघा तुमच्या सोयीनं." आणि उठले. बाहेर आल्यावर मला वाटलं, काय छान झालं. आठवड्यानं तिथल्या बाईंचा फोन आला. त्या बिचाऱ्या सरळ होत्या. म्हणाल्या, "काम तुम्हाला येतं, पण आम्हाला वाटलं तुम्हाला यायचंच नाहीये." मी फोन ठेवला आणि दुकानातल्या गोणीवर बसून राहिले. मी पाठ फिरवली होती, पण मागून हाक मारत कुणी आलं नव्हतं. मला स्वतःचा भयंकर राग आला, आणि थोडा वडिलांचाही.

पुढच्या हंगामाआधी येडगावजवळच्या एका पॅकहाऊसची जागा निघाली. दोन फेऱ्या झाल्या, तिसरी शेवटची. वडील मोटारसायकलवर सोडायला आले आणि फाटकाबाहेर लिंबाखाली बसले.

आत तिघं होते. पॅकहाऊसचे व्यवस्थापक, पुण्याहून आलेल्या भरती बघणाऱ्या बाई आणि स्वतः बागायतदार असलेले एक संचालक. संचालकांनी विचारलं, "तुमच्या चुलत्याचाच माल असला आन् तपासणीत औषधाचा अंश जास्त निघाला, तर?" मी म्हणाले, "माल थांबवीन. चुलते महिनाभर बोलणार नाहीत." ते हसले. मग व्यवस्थापकांनी त्यांची खरी डोकेदुखी सांगितली. फवारणीच्या वह्या शेतकरी काढणीच्या आदल्या दिवशी बसून लिहितात, चार महिन्यांच्या नोंदी एका पेनानं, एका दमात. त्यावर बोलणं बरंच चाललं.

शेवटी बाई म्हणाल्या, "आमच्याकडून झालं. तुम्हाला काही?"

आठ दिवस आरशासमोर मी एक इंग्रजी भाषण पाठ केलं होतं. ते मी सुरू केलं असतं तर तिघांनीही घड्याळं बघितली असती. आणि तोंडात तर जुनंच वाक्य येऊन बसलं होतं, बघा तुमच्या सोयीनं. मी ते गिळलं. हात टेबलावर ठेवले.

म्हणाले, "तुम्ही तिघांनी एवढा वेळ दिलात, त्याबद्दल आभार. वह्यांची अडचण मोकळेपणानं सांगितलीत, ते मला फार उपयोगाचं वाटलं. ज्या दिवशी औषध विकलं जातं त्या दिवशी मी काउंटरवर असते, त्यामुळं नोंद कुठं चुकते ते मला दिसतं. त्या नोंदींवरच काम करायला मला आवडेल. आज तुमचं ऐकून माझी इच्छा वाढलीच आहे. मला ही नोकरी हवी आहे. पुढं केव्हा कळेल, तेवढं सांगा."

बस, एवढंच. अर्धं मिनिट झालं असेल. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि "पुढच्या आठवड्यात कळवतो" म्हणाल्या. मला कानशिलं गरम झाल्यासारखं वाटत होतं, भर पंगतीत तिसरी पोळी मागितल्यावर व्हावं तसं.

बाहेर वडिलांनी विचारलं, "शेवटाला काय म्हनलीस?"

"मला ही नोकरी हवी आहे म्हणाले."

त्यांनी किक मारली. घराच्या वळणावर म्हणाले, "आसं उघड कुनी सांगतं व्हय? गेली म्हन आता."

आणि गेलीच. पुढच्या आठवड्यात फोन आला, अनुभव असलेल्या एका उमेदवाराला घेतलं होतं. मी आभार मानले आणि म्हणाले की पुन्हा जागा निघाली तर मला जरूर विचारा, मी आजही तयार आहे. वडील अंगणात वैरण कापत होते. त्यांनी ऐकलं, पण "बघ, मी म्हनलं नव्हतं?" एवढंही म्हणाले नाहीत. ते मला जास्त लागलं.

दीड महिना गेला. मी दुकानात होते आणि वडील गायीच्या खनिज मिश्रणाची पिशवी घ्यायला आले होते. फोन वाजला. पुण्याच्या त्याच बाई होत्या; फोनवर हात धरून मी वडिलांना "येडगाव" एवढंच म्हणाले. घेतलेला माणूस हंगामाच्या तोंडावर दुसरीकडं गेला होता. "तुम्ही अगदी स्पष्ट सांगितलं होतं, म्हणून नव्यानं जाहिरात न देता आधी तुम्हालाच विचारतेय. अजून इच्छा आहे का?"

मला वाटायचं मी बदलले. पण तोंड उघडलं आणि आतून तेच जुनं आलं, "हं... बघते. घरी विचारून सांगते." खरं तर मला ओरडावंसं वाटत होतं.

पलीकडून बाई "बरं..." म्हणाल्या. पहिल्या ठिकाणच्या बाईंचं "वाटलं" मला आधीच ऐकू यायला लागलं.

वडिलांनी पिशवी खाली ठेवली. गिऱ्हाइकं उभी होती, दुकानमालक बघत होता, आणि आयुष्यात बाजारात कधी आवाज न चढवलेला माणूस मोठ्यानं म्हणाला, "घरी काय इचारायचं? घर हितंच उभं हाय. पायजे म्हनून सांग की! नायतर दे तो फोन हिकडं."

मी सांगितलं.