बुढीच्या कोंबड्यांचा खर्च

बुढी, म्हणजे माझी बायको, वारल्यावर मला घरात बसवत नव्हतं. उठायचो, परसात जायचो, परत यायचो. पाणी पिण्यासाठी उठलो की तांब्या हातात घेऊन तसाच फाटकापर्यंत जायचो. शेजारची बाई म्हणाली, भाऊजी, तुमच्या पायाले भिंगरी लागली का?

बुढीच्या तेरा कोंबड्या होत्या, गावरान. त्या मागं ठेवून ती गेली. मला कोंबड्यांतलं काही कळत नाही. मी शेतातला माणूस, चार बुकं शिकलेला. खुराड्याची कडी संध्याकाळी लावायची असते हे माहीत होतं, पण ती लावायचं काम माझं आहे हे ध्यानात यायला आठ दिवस लागले. तोवर मुंगसानं दोन नेल्या. मग पावसाळ्याच्या शेवटी मानमोडी आली. कोंबडी हिरवी हगते, मान वाकडी करते आणि दुसऱ्या दिवशी पाय वर. माझ्या आठ गेल्या. गल्लीतल्याही बऱ्याच गेल्या. उरल्या तीन.

पोरगा नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात आहे, राहतो अमरावतीला. दिवाळीला आला तेव्हा त्यानं साफ सांगितलं, घराला कुलूप लावा आणि चला. मी नाही म्हटलं. तिथं दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर. मी तिथं कुठं उठू आणि कुठं जाऊ? वाद झाला. शेवटी तो म्हणाला, इथं राहून तुमचं भागते कसं? लाइटचं बिल, गॅस, बीपीच्या गोळ्या, महिन्याला दोन हजार वरचे लागतात. ते कुठून येतील हे दाखवा, मग राहा. मी म्हटलं, कोंबड्यांतून येतील. तो हसला नाही, एवढंच म्हणाला, "बाबा, तोंडी नाई. कागदावर दाखवा."

म्हणून मी कागद केला. बुढी गेल्यावर गाय विकली होती, तिचे सोळा हजार पडून होते. एक महिना वाढवलेलं सुधारित जातीचं पिलू एकशे दहाला मिळतं असं ऐकलं होतं. चाळीस पिलांचे चार हजार चारशे. जागा परसातच, आठ बाय दहाची. बांबू, जाळी, घरातले जुने टिन धरून नऊ हजारात शेड होत होतं. चाळीस कोंबड्यांची चाळीस अंडी, दहाला एक, रोजचे चारशे, महिन्याचे बारा हजार. मी स्वतःच्या हातानं बारा हजार लिहिलं आणि त्या दिवशी मला भूक लागली. पोरगा दोन हजार मागतो, मी त्याला बारा दाखवतो.

कागद घेऊन तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथं एक पर्यवेक्षक आहे, आम्ही सगळे त्याला डॉक्टरच म्हणतो. पोराच्या वयाचा. त्यानं कागद वाचला आणि पेन काढला.

"काकाजी, या चाळिसांत कोंबडे किती?"

मी म्हटलं, कोंबड्या आहेत, कोंबडे कशाला? तो म्हणाला, पिलं सरसकट मिळतात, निम्मे नर निघतात. चार मरतील असं धरा. उरले छत्तीस, त्यात अठरा कोंबडे, अठरा कोंबड्या. कोंबडी अंड्यावर यायला साडेपाच महिने. म्हणजे पिलं आणल्यापासून साडेचार महिने नुसतं खाऊ घालायचं. आणि अंड्यावर आली म्हणजे रोज घालते असं नाही. अठरांतून दिवसाला आठ अंडी आली तरी देवाचे आभार माना. त्यानं माझ्या बारा हजारांवर रेघ मारली आणि चोवीसशे लिहिलं.

"अन् खाद्याचं काही लिहिलंच नाई तुमी."

मी म्हटलं, खाद्य कशाला लागते? माझ्या बायकोनं तीस वर्षांत एक किलो खाद्य विकत आणलं नाही. त्या परसात चरतात. तो म्हणाला, दहा-बारा गावरान चरून जगतील, अंडी कमी देतील. चाळीस सुधारित नुसत्या चरून अंडी देणार नाहीत. चरणं धरूनही पाखरामागं रोज साठ-सत्तर ग्रॅम घालावं लागेल. त्यानं मांडून दाखवलं. अंड्यावर येईपर्यंत अडीच क्विंटलच्या आसपास खाद्य, तीस रुपये किलोनं सात हजार दोनशे. कोंबडे चार महिन्याला चारशेनं विकले तर अठरांचे सात हजार दोनशे. इकडून आले, तिकडं गेले. पुढं अठरा कोंबड्यांना महिन्याला अडतीस किलो, अकराशे चाळीस. जंताचं औषध, लस, खाली पसरायचा भुसा धरून दीडेकशे. महिन्याचे उरले अकराशे. शेडचे आणि पिलांचे पैसे फिटायला वर्ष, तेही रोग आला नाही तर.

"लस चुकवाची नाई," तो म्हणाला. "महिन्याच्या पिलाला आधीच्या लसी देऊन झाल्या असतात. मग सातव्या आठवड्यात देवीची, अन् त्याच्यानंतर मानमोडीचं इंजेक्शन. तुमच्या गल्लीत यंदा काकू नव्हत्या ना, म्हणून एवढ्या मेल्या."

मला कळेना काकू कोण. तो म्हणाला, तुमच्या घरच्या. दर तीन-चार महिन्यांनी थर्मासमध्ये बर्फ घालून यायच्या. मानमोडीची थेंबाची लसही असते, तिची बाटली शंभर कोंबड्यांची येते. फोडली की दोन तासांत संपवावी लागते, नाहीतर वाया. दहा-बारा कोंबड्यांसाठी कोणी बाटली फोडत नाही. काकू सगळ्या गल्लीच्या कोंबड्या मोजून यायच्या, बाटली न्यायच्या, संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात आल्या की घरोघर जाऊन नाकात एकेक थेंब टाकायच्या.

मला वाटायचं ती संध्याकाळी उंडारते. मी तसं तिला म्हटलंही होतं, आणि एकदा नाही.

घरी आलो तर दाराशी शेजारची बाई होती. तिला म्हटलं, बुढीच्या कोंबड्या काय खायच्या, खरं सांग. ती आणि बुढी अकोल्याच्या दालमिलमध्ये तूर निवडायला सोबत जायच्या, वीस वर्षं. ती म्हणाली, डाळीची चुरी. सुट्टी झाली की आम्ही निघायचो, ती मागं राहून मिलची फरशी झाडायची. झाडण्याचे पैसे घेत नव्हती, त्याबदली पडलेली चुरी अन् फुटके दाणे पिशवीत आणायची. आठवड्याला सात-आठ किलो.

"म्हणूनच उशीर व्हाचा तिले," ती म्हणाली. "तुमी तिले रागवाचे ना."

रागवायचो. भाकर वेळेवर मिळत नाही म्हणून रागवायचो. ती पिशवी रोज कोपऱ्यात दिसायची आणि मी तिला कचरा समजायचो. मी विचारलं, आता कोणी झाडलं तर देतात का? ती म्हणाली, आता चुरी सरळ पोत्यानं विकतात, झाडायला माणूस ठेवला आहे.

त्या दिवशी मी गावाला चार चकरा मारल्या. खिशात कागद होता. अकराशेवर बसून राहावंसं वाटत नव्हतं. पोरगा रविवारी येणार होता. अठराचे अठ्ठावीस करायला एक आकडा लागतो. पोराला कोंबड्यांतलं काय कळतं? पेन्सिल घेऊन बसलो. मग मनात आलं, जिनं दाणा दाणा झाडून आणला तिच्या कोंबड्यांच्या नावानं मी खोटं लिहू? पेन्सिल ठेवून दिली. पण राहिलोही नाही स्वस्थ. वही घेतली आणि गल्लीत निघालो, घरोघर कोंबड्या मोजायला. बारा घरं, चौऱ्याण्णव कोंबड्या, माझ्या तीन धरून. बायका म्हणाल्या, आता तुमी टाकता का थेंब? एक म्हातारी म्हणाली, याच्या हातून कोंबडी धरली जाते का ते पाहू आधी. मी तिच्या खुराड्यात हात घातला, तर कोंबडीनं बोटाचं रक्त काढलं. पण धरली.

रविवारी पोरगा आणि सून आले. पोरानं कागद दोनदा वाचला. त्याला डॉक्टरच्या रेघा दिसल्या, माझे बारा हजारही दिसले. तो हसेल असं वाटलं होतं, हसला नाही.

"यात तुमची मजुरी काहून नाई लिहिली?"

"तुह्या मायची कोण लिहिली होती?" मी म्हटलं.

मग मी त्याला चुरीचं सांगितलं, बाटलीचं सांगितलं. त्यालाही माहीत नव्हतं. ती संध्याकाळी उशिरा यायची तेव्हा हाही माझ्यासोबतच चिडायचा, भूक लागली म्हणून.

मग तो म्हणाला, पण बाबा, अकराशे आहेत, दोन हजार नाहीत. मी तयारच होतो. म्हटलं, नऊशे कमी पडतात ना? तुम्ही महिन्याला नव्वद अंडी माझ्याकडून न्या, दहाच्या भावानं. झाले नऊशे.

सून चहा गाळत होती. ती तिथूनच म्हणाली, "मामाजी, ते नव्वद तर चोवीसशेत पयलेच मोजले."

मी कागद पाहिला. बरोबर होतं. दोनशे चाळीस अंड्यांत माझी नव्वद आधीच बसलेली होती. मी तीच अंडी दोनदा विकत होतो. पोरगा तेव्हा हसला. माय गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. मलाही हसू आलं, थोडं.

हसून झाल्यावर तो म्हणाला, "एक वर्ष. कमी पडते ते मी टाकतो. वर्षानं हाच कागद काढू, अन् तेव्हा नाई जमलं तर वाद नाई." मी म्हटलं, तुझे पैसे मी कागदात मिळकत म्हणून लिहिणार नाही, वेगळे लिहीन. तो म्हणाला, लिहा. सून म्हणाली, अन् आम्हाला अंडी लागतीलच, पण आठच्या भावानं. मी म्हटलं, दहा. ती म्हणाली, सासऱ्याला हिशोब आला आता, लय अवघड आहे.

पिलं पुढच्या महिन्यात मिळणार आहेत. चाळीसच सांगितली. बुधवारी बाटली आणली. थर्मास बुढीचाच, झाकणाला तिनं बांधलेली चिंधी अजून आहे. पाचला बाटली फोडली. सातपर्यंत बारा घरं व्हायला हवी होती. मी पायात चप्पल न घालताच निघालो, आणि पहिल्यांदा कोणी विचारलं नाही की भाऊजी, कुठं चालले. शेवटच्या घरी पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. म्हातारी म्हणाली, ती सव्वासहाला यायची.