शून्याला चिकटलेला आकडा

परभणीला कृषी विद्यापीठात शिकताना मी पूर्णेच्या दोन काठांवरच्या दोन गावांतल्या लाल कंधारी गाईंचं रक्त तपासत होते. दोन्ही गावं छातीठोक सांगायची, आमचा वाण वेगळा.

पहिल्याच जनुकाच्या रूपांचं प्रमाण दोन गावांत खरंच वेगळं निघालं. मी खुशीत निष्कर्ष लिहायला बसले, तर सर खेकसले, "शितावरून भाताची परीक्षा इथं चालत नाही. बाकीची जनुकं बघा." बाकीच्यांची प्रमाणं जवळपास जुळली.

मग सगळ्यांचा मिळून फिक्सेशन इंडेक्स, म्हणजे दोन गटांतल्या वेगळेपणाचा आकडा, काढला. प्रमाणं सगळीकडे सारखी असली तर तो शून्य. प्रत्येक जनुकाचं एका गावात एकच रूप आणि दुसऱ्यात दुसरंच असलं तर एक. माझा शून्याला चिकटला.

हे सांगायला त्यातल्या एका गावात गेले, तर गाईवाले म्हातारे मामा ओसरीवरच उखडले. "आमचा वाण लय वेगळा हाय, बाई!"

"मग वळू कुठून आणता, मामा?"

"पल्याडच्या गावातून. घरच्या गाईला घरचाच वळू कसा लावावा?"

मामी चहा घेऊन आल्या. "वळू पल्याडचा, मी पल्याडची, सासूबाई बी पल्याडच्या. वेगळं हाय ते यांचं तोंड तेवढं."