श्रावणात तोडलेला बांबू

कारखान्यातली नोकरी सुटल्यावर माणसं समाजसेवा तरी करतात नाहीतर हस्तकला तरी. मी दोन्ही एकदम करायला निघालो आणि एका म्हाताऱ्या माणसाचं नाव खराब करून ठेवलं. ही हकीकत मी आजवर घरातही पूर्ण सांगितलेली नाही.

बोईसरच्या एका रसायनाच्या कारखान्यात मी बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं. ड्रम आले, ड्रम गेले. कंपनीने आम्हाला थोडे पैसे देऊन घरी बसवलं तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो. माकुणसारच्या वाडीत चिकू होते, पण त्यांना माझी फारशी गरज नव्हती. त्याच सुमारास पालघरला बांबूकामाचं दहा दिवसांचं शिबिर निघालं, म्हणून गेलो.

शिबिरात आम्ही पेनस्टँड केले. या देशात बांबूकाम शिकायला गेलेल्या प्रत्येकाने आयुष्यात एक पेनस्टँड केलेला असतो आणि त्यात पुढे कोणी पेन ठेवत नाही. शिकवायला आलेले गृहस्थ बांबूचं भवितव्य यावर रोज दीड तास बोलत. कामट्या मात्र आयत्या तासलेल्या मिळायच्या, बाहेरून मागवलेल्या, गठ्ठ्याने. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. मी ते लॅमिनेट करून घेतलं, हेही कबूल करतो.

त्या कामट्या कोण तासतं, एवढा एकच शहाणा प्रश्न मी तिथे विचारला. त्यातून मला म्हातारा सापडला. बोईसरच्या पूर्वेला डोंगराच्या अंगाला एक पाडा आहे, तिथे तो राहायचा. मी त्याला मामा म्हणू लागलो. तो मला शेवटपर्यंत सायेब म्हणाला. पावसाळ्यापूर्वी तो किनाऱ्यावरच्या दांडी गावातल्या कोळणींसाठी मासळीच्या टोपल्या विणायचा. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या की त्यांना नव्या टोपल्या लागतात. दांडीच्या बायका टोपली घेताना तिच्यावर चक्क उभ्या राहतात. टिकली तर घेतात. त्यांना गोष्ट सांगावी लागत नाही, चिठ्ठी लावावी लागत नाही.

मी आठवड्यातून तीनदा जायचो. त्याने पहिले दोन महिने मला फक्त काठी चिरायला दिली. कोयत्याने टोकाला चीर पाडायची आणि मग हाताने काठी उघडत न्यायची. चीर एका बाजूला सरकली की नवशिका बारीक झालेल्या भागाला धरून ओढतो, आणि ती कामटी मध्येच संपते. खरं तर जाड राहिलेला भाग वाकवायचा असतो. मग चीर आपोआप मध्यावर परत येते. माझ्या हाताला हे समजायला बावीस काठ्या लागल्या. म्हातारा कोपऱ्यात बसून माझ्या वाया गेलेल्या कामट्या चुलीसाठी बाजूला ठेवायचा. एकदा म्हणाला, तुमच्यामुळं यंदा लाकडं आणाया नाय लागली.

त्याची एक पद्धत होती, खरं तर त्याच्या आजोबांची. दिवाळीनंतर होळीपर्यंतच बांबू तोडायचा, तोही अंधाऱ्या पंधरवड्यात. तोडून ओहोळात वाहत्या पाण्यात दगडाखाली पंधरा-वीस दिवस दाबून ठेवायचा, मग सावलीत वाळवायचा. पावसाळ्यात काठीला कोयता लावायचा नाही. तेव्हा जमिनीतून वास्ते, म्हणजे कोंब, वर येत असतात आणि सगळं बेट रसाने भरलेलं असतं. त्या रसातल्या गोडीला भुंगा लागतो. मी हे ऐकून मान डोलवायचो आणि मनात हसायचो. मी रसायनाच्या कारखान्यात होतो ना. अमावास्येवर बांबू तोडणारा माणूस मला त्या वेळी अडाणी वाटत होता.

मग मला माल घेणारं एक दुकान मिळालं. मुंबईतलं, काचेच्या दाराचं. तिथे ज्यूटच्या पिशव्या, वेताच्या खुर्च्या, बांबूच्या चटया असं सगळं मांडलेलं होतं आणि प्रत्येक वस्तूला एक कागदी चिठ्ठी बांधलेली होती. दुकानाच्या मालकीणबाईंनी माझ्याकडून वस्तू कमी आणि हकीकत जास्त मागितली. म्हातारा किती वर्षांचा, किती पिढ्या, डोंगर कसा, ओहोळ कसा. मी सगळं सांगितलं, थोडं रंगवूनही सांगितलं. त्यांना टोपल्या नको होत्या. टोपलीला मासळीचा वास येईल असं त्यांना वाटलं. मासळी त्या टोपलीत अजून पडलीही नव्हती. त्यांना जेवणाच्या टेबलावर टांगायचे दिव्याचे शेड हवे होते. तीस. दिवाळीआधी. चिठ्ठीवर म्हाताऱ्याचा फोटो येणार होता.

ही गोष्ट श्रावणातली. हिवाळ्यात तोडलेला सगळा बांबू दांडीच्या टोपल्यांत गेला होता. म्हाताऱ्याने मला सरळ सांगितलं की आता काठी नाय. होळीला देतो म्हणावं. मी म्हटलं, होळीला कोण दिवे घेतं? मी त्याला माझं शास्त्र सांगितलं. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवलं की भुंगा लागत नाही. हे खोटं नव्हे; नीट केलं तर ते चालतंच. पण नीट म्हणजे मोठी टाकी, पुरेसे दिवस आणि मग नीट वाळवणं. माझ्याकडे कारखान्यातून आणलेला एक कापलेला ड्रम होता आणि डोक्यात तारीख होती.

तो उठला. मग कोयता हातात घेऊन म्हणाला, "आता काठी तोडली तर पीठ होल. तुमी शिकलेलं, मी नाय. पण पीठ होल."

मी म्हटलं, माझ्यावर सोडा.

त्याने काठ्या तोडल्या, उजेडी पंधरवड्यात, भर पावसात. मी कामट्या एक रात्र ड्रममध्ये बुडवल्या आणि पंख्याखाली वाळवल्या. त्या पूर्ण वाळल्याच नाहीत, पण वाळल्या असं मी ठरवलं. म्हाताऱ्याने शेड मात्र असे विणले की मी आजही तसे पाहिले नाहीत. सालीकडच्या पातळ कामट्या उभ्या, पोटाकडच्या आडव्या, आणि आतला दिवा लागला की भिंतीवर जाळी पडायची. वरून मी व्हार्निश मारलं. व्हार्निश मारल्यावर माल पक्का दिसतो, आणि मला तेवढंच हवं होतं.

शेड दिवाळीत सगळे गेले. मालकीणबाईंनी फोन करून अभिनंदन केलं. महिन्याभराने दुसरा फोन आला. एका गिऱ्हाइकाच्या जेवणाच्या टेबलावर रोज सकाळी पिवळसर पूड पडत होती. आधी त्यांनी कामवालीला बोल लावला, मग छताला. शेवटी कोणीतरी दिवा लावून शेडकडे नीट पाहिलं तर कामट्यांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं होती. मग एकेक करत बाकीचेही शेड परत येऊ लागले. वरणात पूड पडली, असं एका घरातून ऐकवलं म्हणे. लोकांना डोंगर, ओहोळ, पिढ्या सगळं हवं असतं, फक्त डोंगरातला भुंगा ताटात यायला नको.

बाईंनी फोनवर विचारलं, हे झालं कसं? मी वाडीतल्या चिकूखाली उभा होतो. उत्तर मला माहीत होतं. मी म्हणालो, "मॅडम, ही माणसं ऐकत नाहीत हो. कच्चा माल वापरतात."

इतक्या सहज. ड्रम लीक झाला की आम्ही स्टोअरमध्ये रात्रपाळीच्या नावावर ढकलायचो, तसं.

त्यांनी चिठ्ठ्यांवरून म्हाताऱ्याचा फोटो काढला. तेवढ्यावर ते थांबलं नाही. पुढच्या माघात बाई स्वतःच पाड्यावर आल्या, सोबत कॅमेरा घेऊन, पुरवठादाराला एक संधी द्यायला. म्हाताऱ्याच्या अंगणात उभं राहून त्यांनी त्याला समजावून सांगितलं की बांबू कधी तोडावा. पावसाळ्यात तोडू नये. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा. हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हातारा ऐकत होता. मी त्यांच्या शेजारी उभा होतो आणि अंगणातल्या कोंबड्या मोजत होतो.

"मग तुम्ही असं का केलंत, काका?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी मऊ, लहान मुलाला विचारावं तसा.

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी बोलतोय का, एवढंच पाहिलं. मी बोललो नाही. मग तो म्हणाला, "चुकलंच, बाय. मी नाय म्हणाया पायजे होतं."

त्यांनी मोठ्या मनाने मान हलवली. जाताना मला गाडीपाशी म्हणाल्या, किती प्रामाणिक आहेत हो ही माणसं. काम मात्र त्यांनी दिलं नाही. आता आसामचा वेत आणतात.

मी आठ दिवस पाड्यावर गेलो नाही. मग मुंबईला फोन केला आणि सगळं सांगितलं, की बांबू माझ्या हट्टाने तोडला, म्हाताऱ्याने आधीच बजावलं होतं. मग बाई म्हणाल्या, जाऊ दे, आता ते प्रॉडक्ट आपण ठेवतच नाही. माझं एवढं मोठं पाप त्यांच्या यादीतून आधीच रद्द झालेलं होतं. दुसऱ्या दिवशी पाड्यावर जाऊन म्हाताऱ्याला सांगितलं की मी बाईंना खरं सांगितलं. तो काठी चिरत होता. म्हणाला, बरं केलंत. थोड्या वेळाने म्हणाला, माज्यासमोर सांगाया पायजे होतं. आणि सरकून त्याने मला बसायला जागा केली. मी कोयता घेतला.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी आम्ही दांडीला टोपल्या घेऊन गेलो. बांबू माघातला, अंधाऱ्या पंधरवड्यातला, ओहोळात बुडवलेला. पस्तीस टोपल्या त्याच्या, एक माझी. माझी मुद्दाम सगळ्यांत खाली ठेवली होती. एक जाडजूड कोळीण, त्याची जुनी गिऱ्हाईक, एकेक टोपली उलटी करून तिच्यावर उभी राहत खालपर्यंत पोचली. माझ्या टोपलीवर पाय ठेवला तशी ती एका बाजूला कलली.

"आन् ही कोनी इनली रं?" तिने म्हाताऱ्याला विचारलं. "हात कापाय लागलं का तुजे?"

म्हातारा दूर कुठेतरी होडीला रंग लावत होते तिकडे पाहत राहिला. त्याने बोलायचं ठरवलं असतं तर ओझं पुन्हा स्वतःवरच घेतलं असतं, याची मला खात्री होती.

"माझी आहे," मी म्हणालो.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, व्हार्निश मारलंय का ते पाहावं तसं. मग टोपली उचलून बाजूला ठेवली.

"कोंबड्या झाकाया होल," ती म्हणाली. "म्हावऱ्याला नाय."

तिने ती नेली. परतीच्या रिक्षात म्हातारा एकदम हसायला लागला. विचारलं तर म्हणाला, कोंबड्या बिचाऱ्या.