चाळीसच्या जागी पंचावन्न

जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात सगळ्यात अवघड काम म्हणजे पाणी पंचवीस अंशांवर ठेवणं. मे महिन्यात खोलीतच बेचाळीस असायचे. मी सकाळी स्कूटीवरून बर्फाच्या कारखान्यात जायची, पोत्यात गुंडाळलेली अर्धी लादी पायाशी ठेवून आणायची आणि हातोडीने फोडून थर्मोस्टॅटच्या टाकीत घालायची. टाकीतलं पाणी नळीतून ध्वनीचा वेग मोजणाऱ्या यंत्राच्या पेल्याभोवती फिरत राहायचं. पाव अंश इकडेतिकडे झाला की तासाभराची मेहनत वाया जायची, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. अशी पाच वर्षं मी काढली.

मोजायचे ते द्रव. टोल्युइन, काही अल्कोहोलं आणि त्यांची मिश्रणं. पंचवीस, तीस, पस्तीस आणि चाळीस अंशांवर काचेच्या कुपीत वजन करून घनता काढायची. तापमानाबरोबर ती किती घटते, त्यावरून प्रसरणांक मिळतो. मग त्याच द्रवातून ध्वनीचा वेग मोजायचा. वेग आणि घनता हाती आली की द्रव किती दबतो ते कळतं. त्याला पुस्तकात संपीड्यता म्हणतात.

या दोन्हींवर माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण उभं होतं. द्रव मोकळा ठेवून तापवला तर तो फुगतो, आणि दिलेल्या उष्णतेतला काही भाग रेणू एकमेकांपासून दूर ओढण्यात जातो. तोच द्रव फुगू न देता तापवला तर तेवढी उष्णता वाचते. म्हणून एका द्रवाच्या उष्माधारिता, म्हणजे एक अंश तापवायला लागणाऱ्या उष्णता, दोन, आणि त्यांच्यात फरक. दुसरी मोजायची कशी? एका अंशाला दहा-बारा वातावरणांइतका दाब वाढतो, असा द्रव बंद करून ठेवणार कशात? म्हणून ती सूत्राने काढतात: प्रसरणांकाचा वर्ग करा, त्याला तापमानाने आणि आकारमानाने गुणा, संपीड्यतेने भागा, फरक हातात. मी तो साठ मिश्रणांसाठी काढला होता. आमच्या विभागात इतकी मिश्रणं कुणी केली नव्हती.

सर माझे मार्गदर्शक. नशिराबादला राहायचे, निवृत्तीला तीन महिने उरले होते. कडक नव्हते. माझ्या डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असली की एक तुकडा मागून खायचे. त्यांच्या हाताखाली माझ्याआधी चौघांनी पीएचडी केली होती आणि चौघेही कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयात लागले होते. एक जामनेरला, एक पाचोऱ्याला. आम्ही सगळ्यांनी एकच वही वापरली. सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली, कोणता आकडा कशात घालायचा ते पायरीपायरीने सांगणारी.

प्रबंध बांधणीला द्यायच्या आठवड्यात मला वाटलं, एकदा शुद्ध टोल्युइनचा आकडा पुस्तकाशी ताडून बघावा. परीक्षक विचारतात म्हणून, एवढंच. ग्रंथालयातून जुनी, जाड हस्तपुस्तिका काढली. पुस्तकात फरक चाळीस ज्यूलच्या आसपास होता. माझा पंचावन्न.

आधी वाटलं, घनता चुकली असेल. ती बरोबर होती. प्रसरणांकही पुस्तकाशी जुळला. ध्वनीचा वेगसुद्धा. तिन्ही बरोबर आणि उत्तर चूक. दोन दिवस मी तेच पान उलटसुलट केलं. तिसऱ्या दिवशी भात शिजायला लावून ओट्याशी उभी होते, तेव्हा एकदम कळलं.

ध्वनीची लाट द्रवाला इतक्या भराभर दाबते आणि सोडते की दबलेल्या जागी निर्माण झालेली उष्णता बाहेर जाऊच शकत नाही. जागा जराशी गरम होते, म्हणून ती कमी दबते. ध्वनीवरून मिळते ती ही, उष्णता कोंडलेली संपीड्यता. सूत्राला मात्र दुसरी लागते: तापमान कायम राहील इतक्या सावकाश दाबल्यावरची. ती मोठी असते. टोल्युइनला सुमारे पस्तीस टक्क्यांनी. आम्ही मोठ्या आकड्याच्या जागी लहान आकड्याने भागत होतो, म्हणून साठच्या साठ मिश्रणांचा फरक फुगलेला. वहीतल्या त्या पायरीवर सरांनी नुसतं 'संपीड्यता' लिहिलं होतं. कोणती, ते लिहिलं नव्हतं.

मी वही आणि हस्तपुस्तिका घेऊन नशिराबादला गेले. सर ओसरीवर खुर्चीत बसले होते. मी पान पुढे केलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ वाचलं. त्यांना समजायला माझ्यासारखे तीन दिवस लागले नाहीत.

"एकीवरून दुसरी काढता येते ना," ते म्हणाले.

"येते, सर. पण त्याला दाब कायम ठेवून मोजलेली उष्माधारिता लागते. शुद्ध द्रवांची पुस्तकात आहे. मिश्रणांची कुणीच मोजलेली नाही. आपल्याकडे कॅलरीमीटर नाही."

"शुद्ध द्रवांची प्रमाणात बेरीज कर आणि घाल."

"सर, बेरीज केली म्हणजे मिसळल्यावर काहीच घडत नाही असं धरलं. काय घडतं तेच तर आपण शोधतोय."

त्यांनी चष्मा काढून वहीवर ठेवला. आतून काकू पाणी घेऊन आल्या आणि आमचे चेहरे बघून तशाच परत गेल्या.

"हे माझ्याकडूनच आलंय," सर म्हणाले. "चौघांच्या प्रबंधात आहे. त्यावरच छापलेल्या तुझ्या पेपरमध्ये आहे. तू आता पाचवं प्रकरण काढलंस तर पेपर कशावर दाखवशील? पेपरशिवाय प्रबंध घेत नाहीत. मी जुलैत जातोय. नवा मार्गदर्शक मिळायला वर्ष, मोजायला दोन. आणि त्या चौघांना मी काय सांगू?"

"मग काय करू, सर?"

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "मी सांगणार नाही. तू जे करशील त्यावर सही करीन."

आजवर मी त्या वाक्याचे अनेक अर्थ लावले. कधी वाटतं, त्यांनी मला मोकळं सोडलं. कधी वाटतं, स्वतःचं ओझं माझ्या अंगावर टाकून ते उठून गेले. त्या दिवशी मला फक्त एवढं दिसत होतं की मी बत्तीस वर्षांची आहे, थकले आहे आणि आणखी तीन उन्हाळे मला बर्फ फोडवणार नाही.

शनिवारी धुळ्याजवळच्या आमच्या गावी गेले. आई अंगणात शेवग्याच्या शेंगा निवडत होती.

"काय व्हयनं व माय?" तिने माझ्या डोळ्यांकडे बघत विचारलं. "तुना डोया लाल शेतस."

मी म्हटलं, माझ्या प्रबंधात चूक निघाली. ती म्हणाली, "मंग नीट करी ले." मी म्हटलं, नीट करता येत नाही. ती शेंग हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. तिला ते पटलं नाही. चुकलेली शिवण उसवता येते, चुकलेला वाफा मोडता येतो, एवढं तिला माहीत होतं. मी तिच्याशेजारी बसून शेंगा निवडायला लागले.

सोमवारी मी प्रबंध जसाच्या तसा बांधणीला दिला.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक प्राध्यापक आले होते. सभागृहात विभागातले सगळे, मागे आई-वडील, पहिल्या रांगेत सर. परीक्षकांनी पाचवं प्रकरण उघडलं तेव्हा मी पॉइंटर टेबलावर ठेवला. मी ठरवून आले होते की त्यांनी 'कोणती संपीड्यता?' असं विचारलं तर सगळं सांगायचं. त्यांनी नुसतं विचारायला हवं होतं.

त्यांनी विचारलं, "पाण्याच्या बाबतीत हा फरक चार अंशांवर किती?"

"शून्य, सर."

"का?"

"तिथे घनता सगळ्यात जास्त असते, तापमान किंचित बदललं तरी पाणी फुगत नाही की आकसत नाही. प्रसरणांक शून्य, त्याचा वर्गही शून्य."

"उत्तम," ते म्हणाले आणि पान उलटलं.

टाळ्या वाजल्या. वडिलांनी पेढे वाटले. सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. फोटोत आम्ही शेजारी उभे आहोत, दोघांची नजर कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना.

निवृत्तीनंतर मी त्यांना एकदाच भेटले. काकूंनी पोहे केले, आम्ही हवापाण्याबद्दल बोललो. दोन वर्षांनी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. अंत्ययात्रेला आम्ही पाचही विद्यार्थी होतो. पाचोऱ्याला लागलेले, आम्ही ज्यांना भाऊ म्हणायचो ते, माझ्याशेजारी उभे होते. त्यांना सांगावं असं फार वाटलं. ते रडत होते. मी नाही सांगितलं.

त्यानंतर मात्र मी माझा पेपर छापलेल्या मासिकाला पत्र लिहिलं. पेपरमध्ये अमुक चूक आहे, दुरुस्ती छापावी. ईमेल परत आला. मासिक बंद पडलं होतं. विद्यापीठाला अर्ज केला. त्यांनी विचारलं, पदवी परत करायची आहे का? मी लिहिलं, नाही, प्रबंधाला एक दुरुस्तीपत्र जोडायचं आहे. उत्तर आलं की तशी तरतूद नाही, अर्ज योग्य विभागाकडे पाठवला आहे. कोणता विभाग, ते मला अजून कळलेलं नाही. चौघांना पत्रं लिहायला बसले आणि चारही अर्धवट सोडली. मी खरं बोलायला इतकी वर्षं थांबले होते की आता ते कुणाला नको होतं, आणि जोर लावून सांगण्याचा हक्क मी स्वतःच घालवला होता.

मी आता धुळ्यात शिकवते. दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात ते सूत्र येतं. मी फळ्यावर संपीड्यतेच्या चिन्हाखाली तापमानाची खूण दोनदा ठळक करते आणि पूर्ण तास 'कोणती' यावरच घालवते. मुलं कंटाळतात. परीक्षेत त्याला दोन गुण असतात.

गेल्या महिन्यात एक विद्यार्थिनी प्रकल्पाची वही घेऊन आली. तिने एका मिश्रणाच्या उष्माधारितांचा तक्ता केला होता. नीटनेटका, हिरव्या शाईने रेघा मारलेला. आकडे मी ओळखले.

"हे कुठून घेतलेस?"

"मॅडम, तुमच्याच प्रबंधातून. ऑनलाइन आहे ना. दुसरीकडे कुठेच मिळाले नाहीत."

"ते चूक आहेत," मी म्हटलं.

ती हसली. तिला वाटलं, मी तिची परीक्षा घेतेय. मग माझा चेहरा बघून तिने तक्ता स्वतःकडे ओढून घेतला. मी तिला खुर्ची दिली आणि टोल्युइनपासून सगळं समजावून सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी पूर्ण सांगितलं. तिला नीट समजलं. हुशार मुलगी आहे.

"मग बरोबर आकडा किती, मॅडम?"

"माहीत नाही. मोजलेला नाही."

"आणि प्रबंधात तसंच राहणार?"

"हो."

तिने वही बंद केली. माझ्याकडे बघण्याची तिची रीत बदलली होती. कालपर्यंत ती मला जे समजत होती, ते तिने त्या दोन मिनिटांत काढून ठेवलं. तिने दुसरा विषय घेऊ का असं विचारलं, मी हो म्हटलं. दारातून जाताना तिने नेहमीसारखं "येते, मॅडम" म्हटलं नाही. व्हरांड्यात ऊन रणरणत होतं आणि पुढच्या तासाची घंटा होईपर्यंत मी जागेवरच बसून राहिले.