आपल्या सवडीने

पौर्णिमा वानखडे अकोल्याची. शिकायला अमरावतीला, मुलींच्या वसतिगृहात. एम.ए.चं दुसरं वर्ष, समाजशास्त्र. उपकार घ्यायचे नाहीत, हे तिच्या घरात भिंतीवरच्या तसबिरीइतकं पक्कं होतं. स्कॉलरशिप हक्काची म्हणून घ्यायची, पण कुणाच्या दारात तोंड वेंगाडायचं नाही. अशा घरातल्या पोरी ताठ चालतात आणि ताठपणाची किंमतही मुकाट्याने भरतात.

तिला लघुप्रबंध करायचा होता जिनिंगमधल्या बायांवर. कारण घरातच होतं. आईची मोठी बहीण पार्बताबाई, हिची मोठी माय, सारा जन्म अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये कापूस निवडत आणि गाड्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, टाकत राहिली होती. नाकाला पदर बांधून. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी बायांची छाती जास्त भरून येते, मग आठवडाभर अंगवळणी पडते, हे पौर्णिमाने पुस्तकात वाचलं तेव्हा तिला हसू आलं होतं. मोठी माय आठवडी सुट्टीला शिव्या घालायची, त्याचं कारण तिला तेव्हा कळलं. आता मोठी मायचं काम सुटलं होतं, खोकला मात्र सुटला नव्हता. चार पावलं चालली की भिंत धरायची.

"मले इचार ना," ती म्हणायची. "मी सारं सांगतो. मुकादम कसा होता, कोन कोन गेली, सारं. बोलाले मी तयार हाव."

पण अडत होतं ते नियमावर. मार्गदर्शक इंगोले सर पहिल्याच तासाला बजावून गेले होते की विषय मान्य होण्याआधी घेतलेली मुलाखत ते धरणार नाहीत. प्रश्न आधी दाखवायचे, बोलणाऱ्याची संमती घ्यायची, मगच रेकॉर्डिंग. सांगितलं ते चुकीचंही नव्हतं. पौर्णिमाने ते मोठी मायला समजावलं.

"नियम हाय त नियम हाय," मोठी माय म्हणाली. "मंग तवा चांगलं लुगडं नेसून बसीन."

इंगोले सरांच्या दाराबाहेर पोरं फाइल छातीशी धरून उभी राहत, 'सर, वेळ आहे का' म्हणत. सर त्याला कंटाळले होते. त्यांनी दारावर कागद चिकटवला: भेटीसाठी आधी ई-मेल करावा, थोडक्यात. आमच्याकडे मोठ्या माणसाला भेटायचं तर जाऊन उभं राहायचं, चहा होईपर्यंत थांबायचं, ही रीत. मेल म्हणजे सरकारी कागद वाटतो. पौर्णिमाने दोन दिवस घालवून एक मेल लिहिला. सुरुवातीला सरांची ख्याती होती, मध्ये जिनिंगचा इतिहास होता आणि शेवटी एक वाक्य होतं: माझी मोठी माय हीच मुख्य मुलाखत आहे, तिची तब्येत फार खालावली आहे, म्हणून शक्य झाल्यास याच आठवड्यात वेळ द्यावा.

खोलीतल्या आरतीने तो वाचला. आरती परतवाड्याची, तोंडाने फटकळ, मनाने चांगली. तिची सरांशी भेट होऊन विषयही मान्य झाला होता.

"एवढं कोन वाचन?" ती म्हणाली. "तू कोन, विषय काय, इचाराचं काय, किती वेळ पायजे. बस. एका पानाचं टिपण जोड."

"अन् हे शेवटचं?"

"ते पयले काढ. सरले वाटन, रडून राह्यली. वेळ मांगतं का दया मांगतं तू?"

दया हा शब्द लागला. पौर्णिमाने ते वाक्य पुसलं. मग मेल खरोखरच नेटका झाला:

'आदरणीय सर, मी पौर्णिमा वानखडे, एम.ए. दुसरे वर्ष. लघुप्रबंधासाठी अकोल्यातील जिनिंगमध्ये काम केलेल्या स्त्रियांचे काम आणि आरोग्य हा विषय मनात आहे. विषयाची व्याप्ती आणि मुलाखतींची पद्धत याबद्दल आपल्याशी पंधरा मिनिटे बोलायचे आहे. एका पानाचे टिपण सोबत जोडले आहे. आपल्या सवडीने कोणताही दिवस चालेल.'

शेवटचं वाक्य तिने मनापासून लिहिलं होतं. घरी वडीलधाऱ्यांना अमुक दिवसाच्या आत अमुक करा, असं कुणी म्हणत नाही. तसं म्हणणं म्हणजे उद्धटपणा.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. सरांनी लिहिलं होतं: 'विषय चांगला आहे. मेल नेमका लिहिलात, आवडले. सध्या परीक्षेच्या कामात आहे. पुढील महिन्याच्या सात तारखेला दुपारी तीनला यावे. तातडीचे असल्यास कळवावे, मध्येच दहा मिनिटे काढता येतील.'

पौर्णिमा त्या शेवटच्या ओळीशी बराच वेळ बसून राहिली. सांगावं का? पण सरांनी आत्ताच नेमकेपणाचं कौतुक केलेलं. त्यावर लगेच घरचं दुखणं पुढे करायचं? शिवाय मोठी माय काय, गेली दोन वर्षं अशीच धापत होती. तिने लिहिलं: 'तातडीचे नाही, सर. सात तारखेला येते. आभारी आहे.'

थंडी वाढली आणि मोठी मायचा श्वास कमी पडू लागला. आधी घरी वाफ झाली, मग सरकारी दवाखाना, मग ऑक्सिजन. पौर्णिमा बसने अकोल्याला पोचली तेव्हा मोठी मायच्या तोंडावर मास्क होता. तिने मास्कखालून काहीतरी विचारलं. ते पौर्णिमाला कळलं नाही. पुन्हा विचारायला मोठी मायजवळ दम नव्हता. सकाळी ती गेली. चांगलं लुगडं तिला नेसवलं ते बायांनी.

सात तारखेला दुपारी तीनला पौर्णिमा सरांसमोर होती. भेट मोडणं तिला बरं वाटलं नाही. सरांनी टिपण आणि त्यातली बायांची यादी वाचून खुणा करून ठेवल्या होत्या. माणूस कामाचा पक्का होता.

"सुरुवात वयस्कर बायांपासून करा," ते म्हणाले. "त्या थांबत नाहीत आपल्यासाठी. या पार्बताबाई, यांची पहिली घ्या."

"त्या गेल्या, सर."

"कधी?"

तिने सांगितलं. सरांनी लॅपटॉप ओढून तिचा मेल उघडला, वाचला, खालचं तिचं उत्तरही वाचलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ते हळूच म्हणाले.

"हो, सर."

राग धरायला एखादा माणूस सापडला असता तर पौर्णिमाचं जरा हलकं झालं असतं. पण सर वाईट नव्हते, आरतीही वाईट नव्हती. सगळ्यांनी आपापल्या परीने रीत पाळली होती. त्या रीतीखाली एक बाई बोलायची राहून गेली.

"त्यांचा आवाज काहीच नाही?" सरांनी विचारलं.

तिने फोन काढला. मोठी मायला लिहिता येत नसे, ती व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवायची. पौर्णिमाने शेवटचा संदेश लावला. आधी नुसता श्वास ऐकू आला, शिट्टीसारखा, बराच वेळ. मग मोठी माय बोलली, दोन-दोन शब्दांवर थांबत.

"पौर्णिमा... सरनं वेळ देल्ला का वं? ...नसन देल्ला त राहू दे. त्याहीले लय काम असन. ...त्याहीले म्हनजो, घाई नाई म्हना. मी कुठी चालली?"

संदेश संपला. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ही मुलाखत म्हणून धरता येणार नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे, सर," पौर्णिमा म्हणाली आणि पहिल्यांदाच तिथे रडली.