डावीकडे उतरलेला गळा

सत्यवती आणि हैमावती या दोघी बहिणींचं दुकान राजमंड्रीच्या बाजारात, आमच्या जिन्याखालीच. मी वर मग्गमचं काम करते, म्हणजे लाकडी चौकटीवर ब्लाउजचं कापड ताणून गळ्या-बाह्यांना जरी-मण्यांचं भरतकाम. बावीस वर्षं आमचं तिघींचं काम एकमेकींत अडकलेलं. सत्यवती, म्हणजे अक्का, मागच्या खोलीत शिवायची. पुढे काचेच्या कपाटात हैमाचे दागिने: एक ग्रॅम सोन्याच्या मुलाम्याचे हार, मोत्यांचे सर, दक्षिणी घडणीचे गळाबंद.

गिऱ्हाइकाने ब्लाउजचं कापड टाकलं की अक्का आधी टेप घेत नसे. आतूनच ओरडायची, "हैमा, ही गळ्यात काय घालणार, ते विचार आधी."

बाई म्हणायची, "गळा शिवा हो, दागिन्याचं मागाहून बघू."

"मागाहून बघितलेलं मागाहूनच दिसतं," असं अक्काचं उत्तर.

दोघींचा एक नियम होता. हार गळ्याच्या आत, उघड्या कातडीवर बसला पाहिजे, नाहीतर कडेच्या चांगला चार बोटं खाली उतरून कापडावर. कडेवर कधीच नाही. कडेवर बसलेला हार कापडालाही झाकतो आणि स्वतःही झाकला जातो. कॉलेजच्या पोरी कुर्त्यांवर घालायला काहीतरी द्या म्हणत यायच्या, तेव्हा हैमा त्यांच्या गळ्याकडे एकदाच बघायची. बंद कॉलरची कुर्ती असेल तर लांब साखळी हातात द्यायची. होडीसारखा आडवा गळा असेल तर म्हणायची, "गळ्यात काही नको, बाळा. मोठे झुमके घे आणि जा." टोकदार गळ्याच्या टॉपवर पेंडंट त्या टोकाच्या दोन बोटं वर थांबवायची. एक पोरगी हट्टाने टोकाच्या खाली लोंबणारं पेंडंट घेऊन गेली, तर अक्का आतून म्हणाली, "विहिरीत बादली पडल्यासारखं दिसतंय." पोरगी हसत परत आली आणि बदलून घेऊन गेली.

गेल्या कार्तिकात अक्का दुकानात पडली. मेंदूच्या उजव्या भागात गाठ निघाली. अठरा दिवसांत संपलं सगळं. हैमाने काकिनाड्याच्या भावाला फोन केला, विधी केले, तेराव्या दिवशी नातेवाइकांना जेवू घातलं आणि पंधराव्या दिवशी दुकान उघडलं. मी खाली गेले तेव्हा ती कपाटाची काच पुसत होती.

"थोडे दिवस थांबायचं होतंस," मी म्हटलं.

"थांबून काय करू, खैरूआपा? घरात काच नाही पुसायला."

ती रडली नाही. मी वाट बघितली, शेजारणींनी वाट बघितली. ती जेवायची, झोपायची, गिऱ्हाइकाशी बोलायची, पण तिच्यातून कोणीतरी बोलल्यासारखं. आवाज तोच, शब्द तेच. एकदा गरम इस्त्रीला तिचा हात लागला, तर तिने तो सावकाश उचलून घेतला आणि लाल झालेल्या जागेकडे बघत राहिली. फोड आला तरी मलम मलाच लावावं लागलं.

अक्काने शिवलेले अकरा ब्लाउज मागच्या दांडीवर लटकत होते. लग्नसराई माघात, त्यामुळे ज्यांचे होते त्यांनी घाई केली नव्हती. माघ लागला तशी पहिली आली ती इंद्रजा, आपल्या आईला घेऊन. मुलगी बँकेत नोकरीला, लग्न आठ दिवसांवर. तिच्यासोबत डबीत आजीचा हार होता. गुत्तपूसलू, म्हणजे खालच्या काठाला मोत्यांचे बारीक घोस लोंबणारा, मागे दोरीने बांधायचा. या हारासाठीच रुंद चौकोनी गळा ठरला होता. हार गळ्यापाशी, त्याखाली मोकळी कातडी, त्याखाली भरलेली चौकोनी कड.

मी त्या वेळी खालीच होते, धागा घ्यायला आलेली. मुलगी ब्लाउज घालून पडद्याबाहेर आली. हैमाने तिला आरशासमोर उभं केलं, हार बांधला, दोन पावलं मागे गेली. आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं?" मुलीच्या आईने विचारलं.

हैमाने टेप काढला. खांद्यापासून कडेपर्यंत एका बाजूने मापलं, मग दुसऱ्या बाजूने. समोरून बघताना डाव्या बाजूला कड अर्धा इंच खाली होती. एरवी अर्ध्या इंचाला कोण विचारतं! पण चौकोनी गळ्याची कड आडवी असते, आणि तिच्यावर आखूड हारही आडवाच. दोन आडव्या रेघा जवळजवळ आल्या की त्यातली तिरकी लगेच उघडी पडते. घरातली तसबीर वाकडी टांगावी, तसं दिसत होतं.

"भरतकामात सरकलं असेल," आई माझ्याकडे बघत म्हणाली.

भरतकाम कापड शिवायच्या आधी होतं. अक्का अर्ध्या गळ्याचा कागद कापडावर उजवीकडे ठेवून खडूने आखायची, मग तोच कागद पलटून डावीकडे. मी त्या रेघेवरून सुई चालवते. हा गळा चौकटीवर ताणला तेव्हाच मला तो तिरका दिसला होता. मी अक्काला विचारलं नव्हतं. अक्काची रेघ, तिला काय विचारायचं? कापड माझ्याकडूनच वाकडं ताणलं गेलं असेल, असं मी धरून चालले.

हे मी तिथल्या तिथे बोलून टाकलं.

हैमाने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. मग ती मुलीच्या आईकडे वळली. "माझ्या बहिणीला डावीकडचं दिसत नव्हतं. डोक्यात गाठ होती. दवाखान्यात कळेपर्यंत आम्हाला माहीत नव्हतं, तिलाही नाही. तिने हे सरळ समजूनच आखलंय."

आईने कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "गेलेल्या माणसाला काय बोलायचं, अम्मा. पण लग्न जिवंत माणसाचं आहे ना?"

"हो," हैमा म्हणाली. "बसा."

कड उसवून नवी कापता येण्यासारखी नव्हती. सगळा काठ जरीने भरलेला. हैमाने आधी लांब हार घालून पाहिला. नजर खाली पोटाकडे गेली खरी, पण वरचा गळा मोठ्या अंगणासारखा रिकामा पडला आणि तिरकी कड त्यात अजूनच दिसायला लागली. गळाबंद घातला, तर तो कड सोडून फार वर गेला. मग ती बराच वेळ आजीच्या हाराची दोरी बोटात धरून उभी राहिली.

तिने दोरीची गाठ सोडली. हार सैल करत करत दोन इंच खाली आणला. मोत्यांचे घोस बरोबर चौकोनी कडेवर येऊन टेकले. कड दिसेना. घोस मुळातच लहानमोठे, त्यांच्या काठाला सरळ रेघ नव्हतीच, त्यामुळे खालचा तिरकेपणा त्यांच्यात विरून गेला. वर उघड्या राहिलेल्या कातडीवर तिने काही ठेवलं नाही. मग लांब कासुलपेरू, नाण्यांचा हार, कडेच्या पुष्कळ खाली सोडला.

"कडेवर ठेवलास," मी हळू म्हणाले.

"ठेवला."

मुलीने मान वळवली, वाकली, पुन्हा उभी राहिली. एक घोस जरीत अडकला. आई चुकचुकली. हैमाने मला बोलावलं. "आपा, घोस टेकतात तेवढ्या जागेतले मणी आणि वळलेली जरीची तार काढून टाक. तिथे नुसता रेशमी टाका राहू दे. दिसणार तर नाहीच." मी माझंच काम तिथे बसून उसवलं, बोटभर रुंदीचं. हैमाने लग्नादिवशी हार बांधल्यावर त्याची दोन्ही टोकं आतल्या बाजूने बारीक टाक्याने ब्लाउजला धरायला सांगितलं, म्हणजे हार सरकणार नाही. मुलीला दाखवलं, नंतर टाका कुठे कापायचा ते.

इंद्रजा आरशात बघत राहिली. "आजी असाच घालायची, खाली. फोटोत आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून विचारलं, "तुमच्या बहिणीला खरंच कळलं नव्हतं?"

"जेवताना पानात डावीकडे वाढलेलं लोणचं तसंच ठेवायची," हैमा म्हणाली. "मी बोलायचे, अन्न टाकतेस म्हणून. ती म्हणायची, वाढलंसच कुठे?"

मुलीचे डोळे भरून आले. हैमाचे नाही. तिने ब्लाउज कागदात गुंडाळला, दोरी बांधली.

त्या गेल्यावर हैमाने दार अर्धं ओढून घेतलं. दांडीवरचे दहाही ब्लाउज काढून टेबलावर पसरले आणि चिठ्ठीवरच्या तारखांप्रमाणे लावले. मग एकेकाचा गळा मापला. मी आकडे लिहीत होते. विनायक चवतीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचे दोन अगदी सरळ. त्यानंतरच्या एकात एका दोऱ्याचा फरक. मग पाव इंच. दसऱ्याच्या सुमाराचे सगळे अर्धा इंच, आणि शेवटचा, गोल गळ्याचा, पाऊण इंच.

"म्हणजे चवतीपासून," ती म्हणाली. "मी लोणच्यावरून बोलत होते तेव्हापासून."

"हैमा, डॉक्टरला तरी कुठे कळलं असतं इतक्या लवकर?"

"मी म्हणतेय का काही?" ती खरंच काही म्हणत नव्हती. तिने टेप गुंडाळला, बोटांभोवती घट्ट, आणि तसाच धरून बसली. बोटांची टोकं पांढरी पडेपर्यंत. मी टेप सोडवून घेतला.

पुढचा महिना एकेक बाई येत गेली. ज्यांचा गळा सरळ नव्हता, त्या प्रत्येकीला हैमा आधी सांगायची, गळा तिरका आहे, कारण हे आहे, कापडाचे पैसे हवेत तर देते. कोणाच्या गोल गळ्यावर तिने भरघोस मोत्यांचा सर कडेवर बसवला, तर एकीच्या साडीचा पदर तिरक्या कडेवरून जरा वर घ्यायला लावला आणि गळ्यात फक्त एकपदरी साखळी ठेवली. पाऊण इंचवाल्या बाईने कापड तोंडावर फेकलं आणि पैसे घेतले. हैमाने तो ब्लाउज घडी करून ठेवून दिला. "तिची चूक नाही," एवढंच म्हणाली.

इंद्रजाने लग्नाचा फोटो पाठवला. हार जागेवर होता. हैमाने फोटो मोठा करून फक्त गळा बघितला, चेहरा नाही, आणि फोन मला परत दिला.

मागची खोली आता एका फॉल-पिकोवाल्याला दिली आहे. त्याचं मशीन दिवसभर चालतं. परवा मी विचारलं, आवाजाचा त्रास होतो का? हैमा एका पोरीच्या चौकडीच्या टॉपवर साखळ्या लावून बघत होती. ती थांबली, जणू पहिल्यांदाच ऐकतेय.

"चालू असतं का?" तिने विचारलं. "मला वाटलं, बंद आहे."