रोजची झीज आणि चार मापं

बावीस वर्षं मी इस्लामपुरात लोकांचं रक्त तपासते आहे. सकाळी सातला लॅब उघडायची, उपाशीपोटी आलेल्यांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर सापडली नाही की त्यांची बोलणी खायची आणि दुपारी आकडे छापून द्यायचे. किडनी किती चालते ते सांगणारा क्रिएटिनिन हा शब्द या बावीस वर्षांत किती वेळा टाईप केला असेल, देव जाणे. पण एकच्या आसपास असायला हवा तो आकडा घरच्या माणसाच्या नावापुढं साडेआठ असा आला, त्या दिवशी मी तो कागद तीनदा वाचला. तेव्हापासून आमचे हे आठवड्यातनं तीनदा सांगलीला डायलिसिसला जातात. म्हणजे मीही जाते. सकाळची लॅब उरकायची, डबा भरायचा, गाडी धरायची आणि चार तास त्या मशीनच्या शेजारी बसून राहायचं. वर्षभरात मी इतकी दमले होते की कुणी 'कसं हाय?' म्हणून विचारलं तरी राग यायचा. कसं असणार?

किडनी द्यायला धाकटे दीर पुढं आले. ते कुंडलला तालीम चालवतात. वय चाळिशीचं, वजन नव्वद किलो, मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळत नाही असा गडी. ऐन उमेदीत मैदानं मारली, आता पोरं घडवतात. पण जोर-बैठका अजून स्वतःच्या सुटलेल्या नाहीत. रक्तगट जुळला, पुढच्या तपासण्याही जुळल्या. मला वाटलं, सुटलो एकदाचे. आणि सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी समोर कागद सरकवला. भावोजींचं क्रिएटिनिन एक पॉइंट सहा.

बाई शांत स्वभावाच्या. म्हणाल्या, पैलवानाचं थोडं जास्त असतंच, स्नायू जास्त म्हणून. पण एवढं असेल तर मी त्यांची एक किडनी काढू शकत नाही. उद्या त्यांनाच मशीनवर आणायचं का? पुन्हा रक्त करू, चोवीस तासांची लघवी गोळा करून तपासू, मग बघू. त्यांनी भावोजींना विचारलं, काही औषध, गोळ्या चालू आहेत का. भावोजी म्हणाले, न्हाई. डोकेदुखीची गोळी तरी? ती पण न्हाई.

 रात्री घरी आल्यावर माझी जीभ सुटली. ह्यांना म्हणाले, तुमच्या भावाला द्यायची नसेल तर सरळ नाही म्हणावं, असं अर्ध्या वाटेवर कशाला लटकवायचं? आता रक्ताचा आकडा काय कुणी मनानं वाढवतं का? मला माहीत होतं, नाही. बावीस वर्षांचा धंदा आहे माझा. पण दमलेलं माणूस बोलून जातं. हे भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. ते बोलणं अजून मला टोचतं.

चोवीस तासांच्या लघवीचा पांढरा कॅन मीच तालमीत नेऊन दिला. एवढा मोठा वस्ताद, पण कॅन हातात घेताना लाजून लाल झाला. एक थेंबसुद्धा बाहेर जाऊ द्यायचा नाही, असं मी बजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी कॅन भरून आला. दुपारी गर्दी सरल्यावर तो मी स्वतः मोजला आणि त्यातला नमुना लॅबच्या मशीनला लावला.

आकडा बघून मी पुन्हा लावला. पुन्हा तोच आला.

लघवीतनं दिवसाला तीन ग्रॅम क्रिएटिनिन चाललं होतं. त्या वजनाच्या माणसाचं दोनच्या आसपास यायला हवं. आता यातली गंमत अशी, की हे क्रिएटिनिन किडनी तयार करत नाही. ते येतं स्नायूंतनं. स्नायूंत क्रिएटिन नावाचा साठा असतो, सत्तर किलोच्या माणसात साधारण एकशेवीस ग्रॅम. त्यातला शंभरात पावणेदोन भाग रोज आपोआप क्रिएटिनिन होऊन जातो. माणूस राबला, झोपला, काही केलं तरी जवळपास तेवढाच. गेलेलं परत क्रिएटिन होत नाही, किडनीतनं बाहेर पडतं, बस्स. म्हणून तर चोवीस तासांचा कॅन पूर्ण भरलाय का, हे आम्ही त्याच आकड्यावरनं ओळखतो. रोज दोन ग्रॅमची झीज, आणि तेवढीच भर. त्यातलं निम्मं अंग स्वतः बनवतं, निम्मं मटण-मासळीतनं मिळतं.

मग किडनी खराब असती तर रक्तात एवढंच ठेवून ती तीन ग्रॅम बाहेर टाकू शकली असती का? मी कागदावर लघवीतल्या आकड्याला रक्तातल्या आकड्यानं भागून बघितलं. किडनी झकास चालली होती. तिच्यावर मालच जास्त येत होता. जास्तीचा कुठनं येत होता, तेवढंच शोधायचं राहिलं.

लॅब बंद करून मी तशीच कुंडलला गेले. तालमीत मातीला ताक आणि तेल घालून उकरणं चाललं होतं. भावोजींना बाजूच्या खोलीत बोलावलं आणि विचारलं, दिवसभरात काय काय खाता, सगळं सांगा. दूध, बदाम, तूप, अंडी, मटण. आणि मग सहज सांगावं तसं म्हणाले, आन् ती पांढरी पावडर. फळीवर बदामाच्या बरणीमागं डबा होता. क्रिएटिन. झाकण उघडलं तर आत पाच ग्रॅमचं छोटं प्लास्टिकचं माप.

"रोज किती?"

"चार मापं. दोन सकाळी, दोन सांजच्याला."

मी कपाळावर हात मारला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा का नाही बोललात, म्हटलं. तर म्हणाले, त्यांनी औषध इच्यारलं हुतं, ह्यो खुराक हाय. त्यांच्या दृष्टीनं यात लपवाछपवी काहीच नव्हती. तालमीत बदाम कुणी औषधात धरत नाही. आणि खुराक किती, हे पैलवान बाहेर सांगतही नाही, नजर लागते म्हणे.

डब्याच्या कागदावर लिहिलं होतं, पहिला आठवडा चार मापं, नंतर रोज एक. मला वाटलं, भावोजींनी पहिली ओळ वाचली आणि दुसरी मनावर घेतली नाही. कारण तालमीत खुराक वाढवत न्यायचा असतो. दहा बदामांचे वीस, विसाचे चाळीस. चारावरनं एकावर येणं म्हणजे पैलवानकी उतरली.

मी दमून मातीच्या कडेला बसले आणि त्यांच्याच कुस्तीच्या हौद्याचं उदाहरण दिलं. म्हटलं, ही माती रोज पोरांच्या अंगाला लागून थोडी थोडी जाते. किती जाते? पाटीभर. मग तुम्ही किती घालता? ते म्हणाले, पाटीभर. चार पाट्या घातल्या तर? म्हणाले, काठावरनं बाहेर सांडंल की. मग तसंच आहे, म्हटलं. तुमच्यासारख्या गड्याच्या अंगात भरून भरून दीडशे-एकशेसाठ ग्रॅम मावतं. ते पहिल्याच आठवड्यात भरलं. पुढं रोजची झीज अडीच-पावणेतीन ग्रॅमची. तेवढी भरून काढायला तीन ग्रॅम, फार तर पाच. म्हणून एक माप लिहिलंय. तुम्ही वीस ग्रॅम घालताय. वरचं बहुतेक तसंच लघवीतनं वाहून जातंय, थोडं क्रिएटिनिन होऊन रक्तातला आकडा फुगवतंय, वर मटणाचं आहेच.

 त्यांनी खोलीतनं डबा आणून माझ्या हातात दिला. "आजच्यापास्नं बंद. उद्या रक्त घ्या," म्हणाले.

उद्या काय उपयोग? साठा झिजतो तोही त्याच वेगानं, शंभरातला पावणेदोन. घाई केली म्हणून तो ऐकत नाही. वाढलेला साठा पूर्ण खाली यायला चार-सहा आठवडे लागतात. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, कॅनचा आकडा दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि सहा आठवडे पावडर बंद, तपासणीआधी मटणही बंद, असं सांगितलं. शिवाय एक स्कॅन ठरवला, जो क्रिएटिनिनवर अवलंबूनच नसतो. सहा आठवडे म्हणजे आमच्या हिशेबानं मशीनच्या आणखी अठरा खेपा. ह्यांचा चेहरा तोवर मातकट झाला होता, घोटभर पाण्यासाठी सुद्धा भांडायला लागले होते. अठरा वेळा मी जेवणाचा डबा भरला, अठरा वेळा ती गाडी धरली. मधे एकदा हे मशीनवरच बेशुद्ध पडले, तेव्हा मनात आलं की आपल्याला तो आकडा उतरलेला बघायला मिळतोय की नाही.

सातव्या आठवड्यात सांगलीला दोघांनाही घेऊन गेले. भावोजींचं दोन किलो वजन उतरलं होतं, शर्ट खांद्यावर ढिला. स्कॅन आधीच चांगला आला होता. रक्ताचा कागद आला. एक पॉइंट दोन. बाई म्हणाल्या, आता पुढची तारीख बघू. एरवी मी दुसऱ्यांच्या कागदांवर सही करते, त्या दिवशी तो कागद नुसता घडी करून पिशवीत ठेवला. मी रडले, आणि वर्षभराचं सगळं रडले.

हे आत मशीनवर होते. बाहेर बाकावर मी आणि भावोजी. डोळे पुसल्यावर माझा जुना राग पुन्हा वर आला. म्हटलं, तो पावडरीचा डबा किती दिवस चालू होता हो? तर म्हणाले, एक माप तर चार वर्सं घेत हुतो, एकच. म्हणजे यांना एक माप पुरतं हे ठाऊक होतं! मी चिडलेच. मग चार कधी केलीत आणि कशापायी? एवढी सोन्यासारखी तब्येत असताना काय कमी पडलं होतं?

 ते हळूच बोलले.

"दादाला पयल्यांदा मशीनवर घातलं, त्याच दिवशी मी मनात ठरीवलं हुतं, वैनी. आपली एक द्यायची. मग म्हटलं, द्यायचीच हाय तर चांगली पोसून देऊ. म्हणून वाढीवलं."

पावडरीनं किडनी पोसली जात नाही, हे मला तेव्हा सांगता आलं असतं. ह्यांना त्या रात्री मी भावोजींबद्दल काय बोलले होते, तेही सांगता आलं असतं. मी दोन्ही सांगितलं नाही. जेवणाचा डबा उघडला, ह्यांच्यासाठी आणलेल्या दोन भाकऱ्यांतली एक त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, खा भावोजी, लय वाळलाय तुमी.